पडाल तिकडे वळा



माझ्या हातांत या क्षणीं एक छायाचित्र आहे. ध्वनिक्षेपकापुढें बसून तें आपणांस दाखवितां येत नाहीं, म्हणून त्याचें वर्णन करतों. चौसष्ट वर्षांचा एक गृहस्थ एका बुटक्या सायकलवर बसलेला आहे. त्याचे दोन्ही पाय होडीच्या वल्ह्यांसारखे दोहों बाजूंस पसरलेले आहेत. डोक्यावर हेल्मेट, तोंड उघडें, नजर कोठेंतरी दूर लागलेली. आणि सायकलला पॅडल नाहींत. हा गृहस्थ मीच. माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें हें चित्र फोनवर टिपलें आणि लगेच विचारलें, "आजोबा, हें मावशीला पाठवायचंय. खालीं काय लिहूं?"

पस्तीस वर्षें मीं वर्गांत सांगत आलों कीं, चित्रांत जें दिसतें तें त्याखालच्या ओळींत पुन्हां लिहूं नये. जें दिसत नाहीं तें लिहावें. त्या नियमानें पाहतां या चित्राखालीं काय लिहावें हें मला चटकन सुचेना. कारण या चित्रांत जें दिसत नाहीं तें सांगावयास एक ओळ पुरणार नाहीं. त्यासाठींच आजचें हें भाषण.

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यांत मीं सारा जन्म काढला, आणि मला सायकल येत नव्हती. बाराव्या वर्षीं तासाच्या भाड्यानें आणलेल्या सायकलसकट मी गटारांत पडलों, मित्र हंसले, आणि तो विषय तेथेंच संपला. पुढें शिक्षक झालों. वर्गांत गतीचे नियम शिकवितांना मुलें हमखास विचारीत, "सर, सायकल उभी असतांना पडते, मग चालतांना कां पडत नाहीं?" मी मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर देत असें. सायकलचें सुटें चाक आंसाला दोरीनें टांगून गरकन फिरवीत असें. फिरतें चाक आडवें पडत नाहीं, तसेंच उभें राहून दोरीभोंवतीं हळूं हळूं घिरट्या घालतें. मुलें थक्क होत. मी म्हणे, "पाहा, भोंवऱ्याप्रमाणें फिरतें चाक आपली दिशा सोडीत नाहीं. म्हणून सायकल उभी राहते."

प्रयोग खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हें मला माझ्या कोपरानें शिकविलें, पण तें पुढें सांगतों. आधीं शास्त्रज्ञांनीं काय केलें तें पाहूं. १९७० सालीं डेव्हिड जोन्स नांवाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें आपल्या सायकलच्या पुढच्या चिमट्यावर आणखी एक चाक बसविलें आणि तें उलट दिशेनें फिरविलें. दोन चाकें परस्परविरुद्ध फिरूं लागलीं म्हणजे भोंवऱ्याचा गुण जवळजवळ नाहींसा होतो. माझें म्हणणें खरें असतें तर जोन्स तत्काळ आडवा व्हावयास पाहिजे होता. तो मजेंत सायकल चालवूं शकला. आणि तें साहजिकच होतें. माझें वजन अडुसष्ट किलो. मी लडखडत, चालण्याच्या वेगानें जात असतांना किलो-दोन किलोंच्या चाकानें मला सांवरून धरावें, ही अपेक्षाच अवाजवी होती.

मग सायकल उभी कशानें राहते? तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आपण सर्वांनीं केला असेल. काठी उजवीकडे झुकूं लागली कीं आपण काय करतों? तिचें वरचें टोक धरून मागें ओढीत नाहीं. तळहातच उजवीकडे नेतों. काठी ज्या बाजूला पडत असेल त्या बाजूला तिचा पाया नेऊन ठेवतों, म्हणजे ती पुन्हां उभी होते. सायकलहि अशीच एक काठी आहे. तिचा पाया म्हणजे चाकें जेथें जमिनीला टेंकतात ती रेघ. ती रेघ बाजूला नेण्याचा एकच मार्ग आहे: चालत्या सायकलचें हँडल वळविणें. सायकल उजवीकडे कलली तर हँडल उजवीकडे. डावीकडे कलली तर डावीकडे. चाकें आपल्या खालीं येऊन उभीं राहतात आणि तोल सांवरतो. थांबलेल्या सायकलचें हँडल कितीहि वळविलें तरी पाया फारसा हालत नाहीं. म्हणून ती पडते. चालतांना सायकल पडत नाहीं असें नाहीं. ती सारखी पडतच असते, आणि आपण सारखे तिच्या खालीं चाकें नेत असतों.

एवढेंच नव्हे, तर चांगली सायकल हें काम थोडें स्वतःच करते. याचा पडताळा आपण घरीं घेऊं शकतां. सायकलजवळ उभे राहा, हँडलला हात न लावतां तिला केवळ सीटला धरा, आणि उजवीकडे हळूंच कलती करा. पुढचें चाक आपण होऊन उजवीकडे वळेल. याचें एक कारण असें कीं, हँडलचा दांडा तिरपा असतो आणि तो ज्या रेषेंत जमिनीकडे जातो तिच्या किंचित् मागें पुढचें चाक जमिनीला टेंकतें. २०११ सालीं हॉलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं एक छोटी दुचाकी तयार केली. तिच्यांत भोंवऱ्याचा गुणहि काढून टाकला होता आणि हा मागें टेंकण्याचा गुणहि. तरी ढकलून सोडल्यावर ती माणसावांचून सरळ चालली. कारण वजनाची मांडणी अशी केली होती कीं, ती कलूं लागतांच तिचें चाक कलत्या बाजूलाच वळे. साधनें निरनिराळीं असूं शकतील, नियम एकच. पडाल तिकडे वळा.

आतां या नियमांतील अडचण पाहा. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें १८८४ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या काळची उंच चाकाची सायकल शिकण्याचा उद्योग केला. त्याची हकीकत त्यानें लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९१७ सालीं छापली गेली. त्यांत त्यानें हीच तक्रार केली आहे: पडत असतां त्याच बाजूला चाक वळवावें लागतें, आणि हें ऐकून पटलें तरी अंगाला पटत नाहीं. मनुष्य उजवीकडे पडूं लागला कीं त्याचें सारें शरीर डावीकडे पळूं पाहतें. तो हँडल डावीकडे ओढतो, चाकें खालून निघून जातात, आणि जें टाळावयाचें तेंच अधिक लवकर घडतें. मूलहि असेंच करतें. पण मूल जमिनीपासून जवळ असतें, हलकें असतें, दिवसांतून वीस वेळां पडतें आणि विसाव्या पडण्यानंतर त्याचे हात शहाणे होतात. प्रौढ माणूस तितक्या वेळां पडावयास तयार नसतो, आणि नसावेंच. म्हणून त्याला न पडतां पडण्याचा अभ्यास करण्याची युक्ति हवी.

आपल्याकडे दोन युक्त्या रूढ आहेत, आणि दोन्ही या कामीं निरुपयोगी आहेत. पहिली, मागच्या चाकाला दोन छोटीं चाकें लावणें. तीं लावल्यावर सायकल कलतच नाहीं. मग पडाल तिकडे वळण्याचा धडा मिळणार कोठून? अशी सायकल तिचाकी होते, आणि तिचाकीवर शिकलेलें दुचाकीवर विसरावें लागतें. दुसरी, कोणीतरी मागून सीट धरून धांवणें. धांवणारा सायकल कलूं देत नाहीं. म्हणजे तोल तो सांवरतो आणि बसणारा केवळ पॅडल फिरवितो. त्यानें हात सोडला कीं पहिला धडा तेथून सुरू होतो, आणि तो नेमका वेगांत. कोणाला मदत करावयाचीच असेल तर त्यानें सायकलला हात लावूं नये. शिकणाऱ्याच्या पाठीवर हलका हात ठेवून शेजारून चालावें. तोल ज्याचा त्यालाच कळला पाहिजे.

उपयोगी पडणारी युक्ति फार जुनी आहे. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम गांवीं कार्ल फॉन ड्राइस यानें पहिली दुचाकी रस्त्यावर आणली, तेव्हां तिला पॅडल नव्हतेच. लांकडी दांड्यावर बसावें, पुढचें चाक हातानें वळवावें आणि पायांनीं जमीन मागें रेटीत जावें, अशी तिची रीत होती. चाकाला पॅडल लागले ते पुढें १८६० नंतरच्या दशकांत. म्हणजे माणसांनीं आधीं तोल शिकला आणि मग पायांना काम दिलें. आपण नेमकें उलट करतों. दोन्ही एकदम शिकूं पाहतों. तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, पॅडल काढून टाकावे.

हें काम पंधरा नंबरच्या पान्यानें होतें. मात्र एक खुबी आहे. उजव्या पॅडलचे आटे नेहमींप्रमाणें असतात, डाव्याचे उलटे. ही गोष्ट ठाऊक नसल्यास माणूस डावा पॅडल सोडविण्याऐवजीं जिवाच्या आकांतानें आंवळीत बसतो. मीं तें पाऊण तास केलें. लक्षांत ठेवावयास सोपें असें: पाना वर उभा धरावा आणि मागच्या चाकाकडे ओढावा, दोन्ही पॅडल सुटतात. पुढच्या चाकाकडे ओढला कीं दोन्ही बसतात. नंतर सीट इतकी खालीं आणावी कीं, बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेंकतील आणि गुडघे किंचित् वांकतील. मधली नळी खालीं असलेली सायकल घ्यावी, म्हणजे पाय उंच टाकावा लागत नाहीं. आणि कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा हें बसण्यापूर्वीं पाहून घ्यावें.

जागा निवडण्यांत माझी एक चूक झाली. पडलों तर लागूं नये म्हणून मी पहिल्या दिवशीं हिरवळीवर गेलों. गवत चाकाला अडवितें; वेग येत नाहीं, आणि वेग नाहीं तर तोलहि नाहीं. वेगाचा व हँडलचा संबंध किती सक्त आहे याचा मीं हिशेब केला, तो सांगतों. मीटरभर लांबीवर दोन चाकें असलेली सायकल तीन अंश कलली आहे असें धरा. ताशीं सुमारें अकरा किलोमीटर वेग असेल तर तिला धरून ठेवण्यापुरतें हँडल तीन-सवातीन अंश वळविलें तरी चालतें. शेजारच्याला तें दिसणारहि नाहीं. वेग निम्मा, म्हणजे चालण्याइतका झाला, तर त्याच कलण्याला सुमारें तेरा अंश वळवावें लागतें. वेग निम्मा झाला कीं हँडलचें काम चौपट होतें. नवशिक्या भीतीनें हळूं जातो आणि म्हणूनच त्याचें हँडल वेड्यासारखें इकडून तिकडे जातें. लोक समजतात, हँडल हालतें म्हणून हा पडेल. वस्तुतः तो वेळेवर हालवीत आहे म्हणून पडत नाहींसा आहे. त्याला वेग थोडा मिळाला कीं तीच हालचाल लहान होऊन दिसेनाशी होते.

म्हणून जागा हवी ती कठीण, गुळगुळीत, निर्मनुष्य आणि अगदीं सौम्य उताराची. चाळीस मीटरांत मीटरभर खालीं जाणारा उतार पुष्कळ झाला; त्याच्या शेवटीं सपाटी असावी. आमच्या घरामागें टेंकडीच्या पायथ्याशीं वाहनांना बंद असलेला असा एक रस्ता आहे. तेथें सकाळीं सहा ते साडेसहा, अकरा दिवस, मीं सायकल शिकलों. ती हकीकत आतां सांगतों, कारण चुका त्याच असतात; फक्त माणसें निराळीं.

पहिले दोन दिवस मीं केवळ बसल्या बसल्या चाललों. डावें पाऊल, उजवें पाऊल, सायकल खालीं. यांत शिकण्याजोगें काय आहे असें वाटेल. पण यांतच हँडल हलकें धरणें आणि दोन्ही ब्रेक मिळून हळूं दाबणें हें अंगवळणीं पडतें. पहिल्या दिवशीं घरीं आलों तेव्हां मनगटें ठणकत होतीं. ती खूण आहे. मनगटें दुखलीं म्हणजे आपण हँडलला लोंबकळत होतों. आवळलेलें हँडल स्वतःहून वळूं शकत नाहीं, आणि तें आपल्याला मदत करावयास तयार असतां आपणच त्याला बांधून ठेवतों. यावर उपाय असा कीं, बोटांत एखादें कच्चें अंडें आहे अशा बेतानें धरावें आणि कोपर किंचित् वांकलेले ठेवावे.

तिसऱ्या दिवशीं पावलें लांब टाकूं लागलों. दोन्ही पायांनीं एकदम रेटा द्यावयाचा आणि पाय उचलून 'एक' म्हणावयाचें. 'एक' पुरें होण्याच्या आंत पाय खालीं येई, आणि नेहमीं डावाच. नात कट्ट्यावर बसून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही डावीकडे पडता आणि उजवीकडे बघता." तिनें रोग बरोबर ओळखला होता. पाय नेहमीं एकाच बाजूला टेंकत असेल तर त्याचा अर्थ, त्या बाजूला कललें असतां आपलें हँडल विरुद्ध बाजूला जात आहे. मीं तिला सांगितलें कीं, मी कललों कीं मोठ्यानें बाजू सांग. ती ओरडे, "डावी!" आणि मी डावीकडे वळवीं. पन्नासएक वेळां असें झाल्यावर तिचें ओरडणें आणि माझें वळणें एकाच क्षणीं होऊं लागलें. मग मी तिच्या आधीं वळूं लागलों.

चौथ्या दिवशीं पडलों. त्याचें कारण तोल नव्हे; ब्रेक. समोर कुत्रें आलें, मीं हँडल वळविलें असतांनाच पुढचा ब्रेक करकचून दाबला. वळलेलें चाक जागीं थांबलें आणि मी त्याच्यावरून डाव्या कोपरावर उतरलों. ब्रेक दाबावयाचा तर हँडल सरळ करून, दोन्ही मिळून, हळूं. नेमके त्याच वेळीं रस्त्यानें माझा एक जुना विद्यार्थी फिरावयास चालला होता. आतां त्याचेच केस पिकले आहेत. त्यानें मला उठविलें, धूळ झाडली, आणि अत्यंत नम्रपणें म्हणाला, "सर, तुम्हींच शिकवलं होतंत ना, चाक फिरतं म्हणून सायकल पडत नाही?" चाक फिरत होतें, हें मला मान्य करावें लागलें. मीं त्याला तेथेंच, हातरुमाल कोपराला बांधतां बांधतां, तळहातावरच्या काठीचा दाखला देऊन खरें उत्तर सांगितलें. चुकीचें शिकविलेलें दुरुस्त करण्याची संधि शिक्षकाला क्वचित् मिळते. ती रस्त्यांत बसून मिळाली म्हणून मीं नाकारली नाहीं.

पांचव्या दिवशीं खडूनें रस्त्यावर रेघा ओढल्या. पाय उचलल्यापासून टेंकेपर्यंत चार मीटर. सहाव्या दिवशीं सात. सातव्या दिवशीं बारा मीटर, पाय न टेंकतां. आणि आपण आरंभीं ऐकलेलें चित्र त्या बारा मीटरांतलें आहे. शेजारच्या एका गृहस्थांनीं विचारलें, "पॅडल चोरीला गेले काय हो?" मीं सांगितलें, "नाहीं, मींच काढलेत." त्यांना कांहींच बोध झाला नसावा, ते सहानुभूतीनें मान हालवीत निघून गेले.

आठव्या दिवशीं रस्त्यावर तीन-तीन मीटरांवर जुन्या चपला मांडून त्यांच्यामधून नागमोडी जाण्याचा अभ्यास केला. चपलाच कां? त्यांवरून चाक गेलें तरी पडत नाहीं. येथें दुसरा नियम कळला. ज्या चपलेकडे मी पाहीं, तिच्यावरून मी जाईं. चपल चुकवावी म्हणून तिच्यावर डोळे रोखले कीं चाक तिलाच शोधीत जाई. नजर चपलांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणि सात-आठ मीटर पुढें ठेवली कीं चपला आपोआप बाजूला राहत. रस्त्यावर दगड दिसला तर दगडाकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या वाटेकडे पाहावें.

नवव्या दिवशीं पॅडल परत बसविले आणि सीट बोटभर वर केली. सुरुवात करण्याची रीत अशी: एक पॅडल वरच्या टोंकाच्या किंचित् पुढें आणून ठेवावा, त्यावर पाऊल ठेवावें, समोर पाहावें, आणि तो पॅडल भीतभीत नव्हे तर ठामपणें दाबावा, त्याच क्षणीं दुसऱ्या पायानें जमिनीला रेटा द्यावा. पहिल्याच दाबानें पुरेसा वेग आला पाहिजे. येथें सर्वांची एकच चूक होते. दुसरें पाऊल पॅडल शोधूं लागतें, डोळे त्याला शोधावयास खालीं जातात, आणि डोळ्यांमागून हँडल. तें पाऊल थोडा वेळ लोंबकळत राहूं द्यावें. आठ दिवस आपण पॅडलवांचून घसरत जाण्याचाच अभ्यास केला आहे. तेव्हां घाई नाहीं. पाऊल चाचपडत आपला पॅडल शोधून काढतें. दहाव्या दिवशीं मीं तो रस्ता टोंकापर्यंत पार केला, आणि अकराव्या दिवशीं वळून परत आलों.

वळण्याविषयीं एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ती न कळल्यानें शिकलेलेहि पडतात. आपल्याला उजवीकडे वळावयाचें आहे. त्यासाठीं सायकल आधीं उजवीकडे कलली पाहिजे. ती कलावी कशी? चाकें क्षणभर डावीकडे न्यावीं लागतात, म्हणजे अंग उजवीकडे कलतें, आणि मग त्या कलण्यामागोमाग हँडल उजवीकडे जातें. प्रत्येक सायकलस्वार हें करतो आणि बहुतेकांना तें ठाऊक नसतें. विमानाचा जनक विल्बर राइट स्वतः सायकलींचा दुकानदार होता. त्यानें अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिलें. आपण वळतांना आरंभीं उलट वळवितों हें त्यांना सांगतां आलें नाहीं. याचा व्यवहारांतला परिणाम असा: आपण रस्त्याच्या डाव्या कट्ट्याला अगदीं चिकटून जात असलों तर कट्ट्यापासून दूर होण्यासाठीं आधीं कट्ट्याकडेच थोडें जावें लागतें, आणि तेवढी जागाच उरलेली नसते. म्हणून कांठानें जातांना कट्टा चाकाला ओढून घेतो असा भास होतो. कट्टा ओढीत नाहीं; आपण सुटण्यापुरती जागा ठेवलेली नसते. कट्ट्यापासून हातभर तरी दूर राहावें.

आतां मर्यादा. साठीनंतर हाडें ठिसूळ होतात आणि पडणारा मनुष्य हात पुढें करतो. त्यामुळें मनगट मोडण्याचा धोका खरा आहे. हेल्मेट आणि जाड हातमोजे यांत संकोच नको. ज्यांना चक्कर येते, ज्यांचीं हाडें क्षीण झाल्याचें निदान झालें आहे, किंवा जे रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेतात, त्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें; त्यांनीं नको म्हटलें तर तें ऐकावें. दुसरी मर्यादा रहदारीची. तोल साधला म्हणजे रस्त्यावर जाण्याची योग्यता आली असें नव्हे. मीं स्वतःला तीन परीक्षा घातल्या आहेत: खडूच्या रेघेवर अचूक थांबणें, एक हात सोडून वीस मीटर सरळ जाणें, आणि मान वळवून मागें पाहतांना सरळ रेघ न सोडणें. पहिल्या दोहोंत मी उत्तीर्ण झालों आहें. तिसरींत अजून नापास आहें. मान उजवीकडे वळली कीं खांदा वळतो, खांद्यामागून हात, आणि सायकल रस्त्याच्या मध्यावर जाते. तोंपर्यंत माझा प्रांत टेंकडीखालचा बंद रस्ता एवढाच.

आतां नातीच्या प्रश्नाचें उत्तर. "आजोबा सायकल चालवतात" असें लिहावें, तर तें चित्रांत दिसतेंच. शिवाय त्या दिवशीं तें पुरतें खरें नव्हतें. "या वयांतहि" वगैरे लिहिण्याची तिची इच्छा होती. तें मीं खोडलें. मीं तिला जी ओळ सांगितली आणि तिनें जशीच्या तशी लिहिली, ती अशी:

"सातवा दिवस. अंतर बारा मीटर, पाय न टेंकतां. पॅडल मुद्दाम काढलेले आहेत. डावें कोपर सोललेलें आहे, तें चित्रांत आलेलें नाहीं. या क्षणीं आजोबा डावीकडे पडत आहेत, आणि डावीकडेच वळत आहेत."